वाढलेल्या ताकदीची बैठक

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या चैत्रात आर्णीत दोनच गोष्टी जोरात होत्या. एक ऊन, आणि दुसरा घनश्यामरावांचा काढा.

घनश्यामरावांचं कृषी केंद्र बसस्टँडच्या पुढे. बियाणं, खत, फवारणीची औषधं असा सगळा माल. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत गिऱ्हाईक रोडावलं, तेव्हा त्यांनी गुळवेल, अडुळसा, सुंठ, मिरे आणि आणखी काय काय एका पातेल्यात उकळलं, बाटल्यांत भरलं आणि त्यावर चिठ्ठी डकवली: ‘तटबंदी काढा’. तणनाशकाच्या खालच्या फळीवर बाटल्यांची रांग लागली. त्यांचं शास्त्र सरळ होतं. पिकाला टॉनिक, तसं माणसाला टॉनिक. पीक हिरवं झालं नाही तर डोस दुप्पट. तरीही झालं नाही तर शेतकरी आळशी.

दुकानाच्या दर्शनी भागावर फ्लेक्स लागला. त्यावर त्यांचा एकुलता एक मुलगा कपिल दंड फुगवून उभा, आणि खाली: ‘वर्षभर तटबंदी, एक शिंक नाही!’ कपिलला फोटो काढायचा नव्हता. पण दुकानाचा परवाना बापाच्या नावावर, घर बापाच्या नावावर, गाडी बापाच्या नावावर. दंड तेवढे स्वतःचे होते, तेही बाबांनी मागितले म्हणून त्यानं दिले.

त्याची बायको अर्पिता. बी.एस्सी. होऊन चार वर्षं झालेली, आणि आई होऊन तीन. काळजी तिचा स्वभावच होता. दूध उतू जाण्याआधी ती गॅसपाशी पोचलेली असायची आणि खुशी पडण्याआधी तिचा हात खाली गेलेला असायचा. सासू भागीरथाबाई म्हणायच्या, “या पोरीचे डोये झोपीतबी उघडे रायते.” रोज सकाळी नवऱ्याला काढ्याचा पेला तीच द्यायची. देताना मनात म्हणायची, फायदा नसेल, पण तोटाही नसेल. एवढ्याशा गोष्टीवरून घरात कशाला ठिणगी.

पाडव्याला कपिलला ताप भरला. घसा, अंगदुखी, वास गेलेला. तपासणीत जे निघायचं ते निघालं. घनश्यामरावांनी फ्लेक्स उतरवू दिला नाही. “उतरवला तं लोकं इचारतीन, काहून उतरवला म्हणून.” काढा मात्र एकाचा चार वेळा झाला.

अर्पितानं खुशीच्या चित्रकलेच्या वहीची मागची पानं घेतली आणि दर चार तासांचे आकडे लिहायला सुरुवात केली. एका बाजूला हत्ती, फुगे, तीन पायांची गाय. दुसऱ्या बाजूला ताप, नाडी, ऑक्सिजन. पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी कपिल दोन पोळ्या जेवला. घनश्यामरावांनी मारोतरावांना फोन लावला. हे मारोतराव म्हणजे त्यांचे काढ्यातले भागीदार आणि ‘आरोग्यधन’ नावाच्या साडेतीनशे माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे मालक. “लिवा ग्रुपवर. सहा दिवसांत सफाचट!”

आठव्या दिवशी सकाळी अर्पितानं कपिलला खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवलं. बसला होता तेव्हा त्र्याण्णव. चालून आला तेव्हा सत्त्याऐंशी. “मले काई होत नाई,” तो म्हणाला, आणि एवढे चार शब्द बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. तिनं वही मिटली, खुशीला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी काढायला सांगितली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं. घरात पहिल्यांदाच.

यवतमाळात लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खाजगी डॉक्टरांनी मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन दवाखाना उघडला होता. लग्नं बंद होती आणि खाटा कमी होत्या, दोघांची सोय झाली. घाईत सजावट काढायची राहून गेली होती. दारावर थर्मोकोलचं ‘शुभविवाह’ तसंच होतं, त्याखालून ऑक्सिजनचे सिलिंडर आत जात होते. जिथे आहेर लिहायला माणूस बसायचा, त्याच टेबलावर विमलताई सिस्टर फॉर्म घेऊन बसायच्या. नातेवाइकांना आत मज्जाव. त्यांच्यासाठी बाहेर मांडव, मांडवात लाल गादीच्या खुर्च्या आणि एक कुलर, जो गरम हवा इकडून तिकडे नेऊन सोडायचा.

कपिल आत गेला. छातीचा फोटो झाला, रक्त तपासायला गेलं. अकरा वाजता डॉ. सुनीती बाहेर आल्या. वय अर्पितापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. मास्कचे वळ गालांवर उमटलेले, अंगातून घाम निथळत होता. आत चाळीस पेशंट आणि त्या एकट्या.

“कपिलचे कोण?”

घनश्यामराव उठले. अर्पिताही उठली. घनश्यामराव एक पाऊल पुढे गेले, त्यामुळे डॉक्टरांना त्यांच्या खांद्यावरून अर्पिताकडे बघत बोलावं लागलं.

“दहा लिटर ऑक्सिजनवर एक्याण्णव आहे. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे. पण आज आठवा दिवस, आणि विषाणूचा जोर बहुतेक ओसरलाय. आता जे नुकसान चाललंय ते विषाणू कमी करतोय, आणि त्यांच्या शरीरातली प्रतिकारशक्तीच जास्त करतेय.”

“म्हंजे?” घनश्यामराव म्हणाले.

“हल्ला झाला की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, ‘या, मदतीला या.’ हे निरोप म्हणजे एक प्रकारची रसायनं, सायटोकाइन. काम झालं की ते थांबायला हवेत. यांचे थांबत नाहीयेत. निरोप गेला की पेशी येतात, त्या आणखी निरोप पाठवतात, मग आणखी पेशी. त्या गर्दीत फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, हवेच्या फुग्यांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन रक्तात जात नाही. सायटोकाइनचं वादळ म्हणतात याला. रक्तात सूज दाखवणारा एक आकडा असतो, पाचच्या आत हवा. यांचा एकशे अठ्ठेचाळीस आहे.”

घनश्यामरावांनी एवढ्या लांबलचक बोलण्यातून आपल्या कामाचं तेवढं उचललं. “म्हंजे याची ताकद जास्त झाली?”

“एका अर्थी हो, पण...”

‘पण’ त्यांनी ऐकलाच नाही. त्यांचा चेहरा उजळला होता. पोरगा दवाखान्यात असलेल्या बापाचा चेहरा असा उजळलेला विमलताईंनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी फॉर्मवरून मान वर केली.

“आता आपण डेक्सामेथासोन देणार. स्टेरॉइड आहे. ही उसळलेली प्रतिकारशक्ती दाबतं. रोज एक इंजेक्शन, जास्तीत जास्त दहा दिवस. साखर वाढू शकते, ती बघत राहू. सोबत रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. आणि त्यांना पालथं झोपवतोय. फॉर्मवर सही करा, मी लगेच सुरू करते.”

“काय दाबते म्हन्ता?”

“प्रतिकारशक्ती.”

“नाई,” घनश्यामराव म्हणाले.

वर्षभर उकळून, गाळून, पाजून वाढवलेली शक्ती दाबायची, आणि तीही त्यांच्या सहीनं! त्या कागदाचा फोटो कुणी काढला आणि आर्णीत गेला तर? “मी माह्या हातानं पोराचा तट पाडू? बैठक घ्या लागते याची. अन् माह्या इजाजतीशिवाय एकबी सुई टोचली तं पाहून घेईन. हे बोलनं रेकॉर्ड करून राह्यलो मी.” खरंच त्यांच्या हातातला मोबाइल डॉक्टरांच्या तोंडासमोर होता.

गेल्या महिन्यात शेजारच्या एका दवाखान्यात पेशंट गेला म्हणून नातेवाइकांनी काचा फोडल्या होत्या. तेव्हापासून या दवाखान्याच्या मालकांनी घरूनच हुकूम काढला होता: सही नाही तर स्टेरॉइड नाही. डॉ. सुनीतींनी फोन लावून पाहिला. हुकूम कायम होता. त्यांनी अर्पिताकडे पाहिलं. “लवकर करा. हे औषध उद्या दिलं आणि आज दिलं यात फरक पडतो.” आणि त्या पुन्हा आत गेल्या, कारण आतून कुणीतरी हाक मारत होतं.

मग बैठक बसली. मंगल कार्यालयात बैठक कशी बसवायची हे घनश्यामरावांना शिकवावं लागलं नाही. चार खुर्च्या गोल झाल्या. एकीवर ते, दुसरीवर पाण्याची बाटली, तिसरीवर स्पीकरवर टाकलेला मोबाइल. चौथी रिकामी, मोठं कुणी आलं तर म्हणून. अर्पिता उभी होती.

फोनवर मारोतराव होते, आणि कपिलचे नागपूरचे एक मामा, जे वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून औषधांवर बोलायचे.

“घनश्यामभाऊ, आपन जितलो!” मारोतराव ओरडले. “डॉक्टर खुद म्हन्ते का पोराची ताकद जास्त झाली? मी टाकून राह्यलो ग्रुपवर. ‘तटबंदीची ताकद पाहून डॉक्टर घाबरले.’”

“टाका,” घनश्यामराव म्हणाले.

“मामाजी,” अर्पिता सासऱ्यांना म्हणाली, “ते तसं नाही म्हणाल्या. त्या म्हणाल्या, ती ताकदच आता फुफ्फुस...”

“तू थांब जराशी. मोठे बोलून राह्यले ना.”

मामांनी घसा साफ केला. “स्टेरॉइड काय असते मले माहीत हाय. जिमवाले पोट्टे घेते, दंड फुगवाले. म्हंजे त्यानं ताकद वाढते. अन् ते डॉक्टरीण म्हन्ते, कमी होते. आता तुमीच सांगा, तिले काई येते का?”

“ते वेगळं स्टेरॉइड, मामा, हे वेगळं,” अर्पिता फोनकडे वाकून म्हणाली.

“नाव तं एकच हाय ना?”

अर्पिता दवाखान्याच्या खिडकीपाशी गेली. विमलताईंनी आतून आकडा आणून दिला. साडेअकरा वाजता नव्वद. तिनं लिहिला.

परत आली तेव्हा बैठक रेमडेसिव्हिरवर पोचली होती. मामा नागपुरात ओळखी लावणार होते, मारोतरावांचा साडभाऊ अमरावतीत विचारणार होता.

“तेच पायजे,” मारोतराव म्हणत होते. “कुठंच भेटून नाई राह्यलं ते. त्याअर्थी चांगलंच असंन.”

“अन् हे डॉक्टरीणचं?” घनश्यामरावांनी विचारलं.

“हे तं कोन्त्याबी मेडिकलात भेटते! गल्लीतल्या दुकानात भेटनारं औषध कामाचं असतं तं एवढे लोकं कायले मेले असते?”

घनश्यामरावांनी मान डोलावली. अर्पिताला वाटलं, आपण एवढ्या जोरात ओरडावं की वरचा मांडव खाली यावा. पण ती खिडकीकडे गेली, कारण डॉ. सुनीती पाणी प्यायला दाराशी आल्या होत्या.

“मॅडम, रेमडेसिव्हिर?”

“ते विषाणूवरचं औषध. लवकर दिलं तर थोडा उपयोग. आता भांडण विषाणूशी राहिलंच नाही फारसं.”

“मग हे स्टेरॉइड पहिल्याच दिवशी द्यायचं होतं का? मी उशीर केला का?”

“नाही. पहिल्या दिवशी दिलं असतं तर विषाणूशी लढणारेच दाबले गेले असते, तो मोकाट सुटला असता. ऑक्सिजन कमी पडायला लागला की द्यायचं, आधी नाही. तुम्ही बरोबर वेळेला आणलंत.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “आता वेळ घालवताय.”

“एक विचारू? वर्षभर मी रोज काढा देत होते त्यांना. त्यानं झालं का हे?”

डॉ. सुनीती थकलेल्या चेहऱ्यानंही हसल्या. “काढ्यानं होत असतं तर निम्मा जिल्हा माझ्याकडे असता. नाही हो. काही जणांच्या शरीरात हे असं का पेटतं, आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. काढ्यानं काही झालेलं नाही. बरं नाही, वाईटही नाही.”

अर्पिताच्या छातीवरचा एक धोंडा उतरला. तो उतरल्यावर तिला दुसरा दिसला. ही आनंदाची बातमी सासऱ्यांना सांगण्यासारखी नव्हती.

तिनं तरीही सांगितली. त्या आशेनं सांगितली, की काढा निर्दोष ठरला म्हटल्यावर तरी ते सही करतील. झालं उलटंच. घनश्यामरावांचा चेहरा काळवंडला. काढ्यानं पोराची ताकद वेड्यासारखी वाढली, हे त्यांना चाललं असतं. तो गुन्हा होता, पण कर्तृत्वाचा गुन्हा होता. काहीच झालं नाही?

“काईच नाई म्हन्ते? साडेतीनशे लोकं पेऊन राह्यले, अन् काईच नाई?” ते फोनकडे वळले. “ऐकलं का मारोतराव? डॉक्टरीण आपला अपमान करून राह्यली.”

बैठक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आता विषय औषधाचा राहिलाच नव्हता, मानाचा झाला होता. लग्नात मुलाच्या मामाला उशिरा चहा आला की जसं होतं, तसंच. मारोतराव म्हणाले, डॉक्टरीणनं माफी मागावी. नागपूरचे मामा म्हणाले, आधी तिची डिग्री पाहावी.

पावणेएक. अठ्ठ्याऐंशी. ऑक्सिजन बारा लिटर केला होता, तरीही अठ्ठ्याऐंशी.

अर्पिता विमलताईंच्या टेबलापाशी गेली. “सिस्टर, मी करते सही.”

विमलताई वाईट बाई नव्हत्या. पण सकाळपासून त्यांनी तीन जणांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. “तुमचे सासरे तिथं बसून आहेत बाई. तुमची घेतली अन् मग त्यांनी गोंधळ घातला तर माझी नोकरी जाईल. घरचं मोठं माणूसच पाहिजे. रिवाजच आहे इथला.”

“दाखवा तरी फॉर्म.”

अर्पिताला कागद वाचायची सवय होती. साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरंही ती वाचायची. तिनं फॉर्म वाचला. वर पेशंटचं नाव, वय, गाव. मग औषधाचं नाव. धोके. खाली दोन रेघा होत्या. खालच्या रेघेवर लिहिलं होतं, ‘नातेवाइकाची सही (रुग्ण सही करण्याच्या अवस्थेत नसल्यास)’. आणि तिच्या वरच्या रेघेवर, ठळक छापलेलं: ‘रुग्णाची सही’.

तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

“सिस्टर, कपिल शुद्धीत आहे ना?”

“हो. पालथे झोपलेत. बोलता येत नाही नीट, पण शुद्धीत आहेत.”

“मग त्याची घ्या.”

विमलताईंनी फॉर्म फिरवून स्वतःकडे घेतला. ती रेघ त्यांनी शेकडो वेळा पाहिली असेल, पण पहिल्यांदा वाचली. “पेशंटची?” त्या म्हणाल्या. “पेशंटची कोणी घेत नाही बाई. आजवर कुणी मागितलीच नाही.”

डॉ. सुनीतींना निरोप गेला. त्यांनी दारातूनच कपाळावर हात मारला. “अहो, हे मला सुचायला हवं होतं. सिस्टर, आणा फॉर्म. पेन पण आणा.”

पाच मिनिटं झाली. दहा. फॉर्म परत आला नाही. आतून विमलताईंच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर कपिलचं अर्धं तोंड, मास्क, त्याला लागलेली फुगणारी पिशवी, आणि उशीत रुतलेला गाल. डोळे मात्र उघडे. शेजारून विमलताईंचा आवाज आला, “सही करत नाहीत. तुम्हाला विचारायचंय म्हणतात.”

“अर्पिता,” कपिल म्हणाला. श्वास. “बाबा...” श्वास. “काय म्हन्ते?”

बत्तीस वर्षांचा माणूस. परवाना, घर, गाडी, आणि आता फुफ्फुसंही बापाच्या नावावर. तिच्या ओठांवर खोटं आलं होतं. ‘हो म्हणतात’ एवढंच म्हणायचं. पण बाहेर आल्यावर हाच माणूस आयुष्यभर तिच्याकडे कसा बघेल, ते तिला दिसलं; आणि बाहेर आलाच नाही तर, तेही दिसलं.

तिनं खोटं सांगितलं नाही. दुसरंच काही सांगितलं.

“कपिल, ऐक. बोलू नको. मागच्या साली आपल्या वावरात डुक्कर शिरलं होतं. आठवते? तुम्ही हाकारा दिला, तर पन्नास माणसं धावली. काठ्या, दगड, दोन ट्रॅक्टर. डुक्कर तं कवाच पळालं. पण माणसं थांबलीच नाहीत. एकानं आवाज दिला की दहा आणखी येत होती. सकाळी कपाशी कोणं तुडवली होती? डुकरानं?”

कपिलचे डोळे तिच्यावर होते. त्यानं हळूच मान हलवली. नाही.

“तुह्या छातीत तेच चाललंय. डुक्कर गेलं. माणसं तुडवून राह्यली. ते रेमडेसिव्हिर म्हणजे डुक्कर हाकायची काठी. अन् हे इंजेक्शन म्हणजे माणसांना घरी पाठवणं. बस एवढंच.”

“बाबा?” तो पुन्हा म्हणाला.

“बाबा बैठकीत आहेत.”

कपिलला हे पूर्ण कळलं. आपल्या बापाची बैठक किती वेळ चालते हे आर्णीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या लग्नाची तारीख ठरायला अकरा रविवार लागले होते. मास्कच्या आत काहीतरी हललं. तो हसला की खोकला, पडद्यावरून समजेना. मग त्यानं उशीखालून हात काढला आणि विमलताईंकडे पसरला.

सही कोंबडीनं पाय ओढल्यासारखी आली. पण वरच्या रेघेवर आली. सव्वा वाजता इंजेक्शन गेलं.

बैठकीत तेव्हा मामा डिग्रीच्या मुद्द्यावर होते. अर्पितानं जाऊन सांगितलं, “मामाजी, कपिलनं स्वतः सही केली. औषध सुरू झालं.”

घनश्यामराव खुर्चीतून उठले. “त्यानं? मले न इचारता?”

“तुम्हाला विचारलं त्यानं. दोनदा.”

फोनमधून मारोतराव विचारत होते, “काय झालं भाऊ? माफी मागतली का?” घनश्यामरावांनी फोन बंद केला. खुर्ची उचलून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेली. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. रात्री झोपायला शेजारच्या लॉजवर जाताना तिच्या पुढे दहा पावलं चालायचे, सकाळी मागे दहा पावलं.

पहिल्या दिवशी काहीच बदललं नाही. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. अर्पितानं आकडे लिहिले आणि प्रत्येक आकड्यानंतर तिला वाटलं, आपण त्याला त्या डुकराच्या गोष्टीनं मारलं. दुसऱ्या दिवशी साखर वाढली, अडीचशेच्या पुढे गेली. इन्सुलिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्याण्णव. संध्याकाळी ऑक्सिजन बाराचा आठ झाला. पाचव्या दिवशी रक्ताचा तो एकशे अठ्ठेचाळीसचा आकडा एकतीसवर आला, आणि ऑक्सिजन चार लिटरवर. कपिलनं फोनवर एका दमात विचारलं, “खुशी जेवते का?” अर्पितानं आधी त्या वाक्यातले शब्द मोजले.

त्या दुपारी घनश्यामराव खुर्ची घेऊन आले आणि तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसले. खिशातला फोन वाजत होता. त्यांनी उचलला.

“भाऊ, गजब झालं,” मारोतरावांचा आवाज स्पीकरशिवायही ऐकू येत होता. “ते ‘डॉक्टर घाबरले’ टाकलं ना, तवापासून बाटल्याइले उधान आलं. दिग्रस, दारव्हा, सगळीकून मांगून राह्यले. किती पाठवू?”

घनश्यामरावांनी कुलरकडे पाहिलं. “माल संपला म्हना.”

“संपला? घरी तं खोकेच्या खोके...”

“संपला म्हन्लं ना!” आणि त्यांनी फोन ठेवला.

घरात खोके होते. खोटं होतं, पण सासऱ्यांच्या तोंडून वर्षभरात निघालेलं पहिलंच निरुपद्रवी खोटं होतं.

मग ते म्हणाले, “खरंच काईच नाई केलं काढ्यानं? चांगलंबी नाई?”

“नाही, मामाजी. वाईटबी नाही.”

“वाईट केलं असतं तरी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “मी तिथं चुलीपाशी उभा रायलो न बाई, सालभर. जेठातबी.”

कुलर घुरघुरत राहिला. दारातून एक सिलिंडर आत गेला, एक रिकामा बाहेर आला.

“तुले भेव नाई वाटलं?” त्यांनी विचारलं. “त्याले सही कर म्हन्ताना?”

“वाटलं. अजून वाटते.”

“मलेबी वाटलं होतं. त्याच दिवशी. सही माही, अन् पोराले काई झालं तं?” ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. “बैठक घेतली की मानूस एकटा नसते.”

अर्पितानं पाण्याची बाटली त्यांच्या खुर्चीपाशी सरकवली. ते प्यायले. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि प्रथमच त्या आठ्यांत राग नव्हता.

“ते डुकराचं मले विमलताईनं सांगितलं. पटलं. पन एक सांग. पन्नासच्या पन्नास मानसं घरी पाठवली, अन् तितक्यात दुसरं डुक्कर आलं तं? हाकलाले कोन हाय वावरात?”

अर्पितानं वही उघडली. पाच दिवसांत तिनं डॉक्टरांना चाळीस प्रश्न विचारले होते, वहीत ओळीनं लिहिलेही होते. हा त्यांत नव्हता. जी शक्ती दाबली ती दुसऱ्या कुठल्या रोगालाही थोपवणार नाही; साखर तर आधीच चढलेली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या डोळ्याखाली कालपासून सूज आली होती, आणि त्याला तपासायला नाक-कान-घशाचे डॉक्टर आले होते, हे तिनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं, ‘काळी बुरशी’ हा शब्दही कानावर आला होता. पाहूनही जोडलं नव्हतं.

“म्हणूनच दहा दिवसांवर देत नाहीत बहुतेक,” ती हळू म्हणाली. “आणि साखर रोज चार वेळा बघतात. पण नक्की काय काय बघायचं, नाक, डोळे, ताप, ते मी विचारलं नाही.”

“इचारलं नाई? तू?”

“नाही.”

घनश्यामराव गुडघ्यावर हात टेकून उठले, धोतराचा सोगा झटकला. “चाल मंग. ते डॉक्टरीण जेवाले जाईन नाई तं.” दोन पावलं जाऊन ते थांबले, ती बरोबर येईपर्यंत. “इचारजो तूच. मी उभा रायतो फक्त.”